ओंकारच्या शाळेत परतण्याचा आराखडा (सातवी ब)

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५ पासून लागू. मुख्याध्यापक, सातवी ब ला शिकवणारे सर्व शिक्षक, शिपाई मामा आणि ओंकारचे आईबाबा यांच्यासाठी.

ओंकार १८ ऑगस्टपासून, म्हणजे सात आठवडे, शाळेत आलेला नाही. त्याआधी परिपाठात सुविचार वाचताना तो ‘प’वर अडखळला. मागच्या रांगेतले तिघे त्याची नक्कल करून हसले. पुढे रोज मधल्या सुट्टीत तेच चालू राहिले आणि शेवटी त्याच्या बोलण्याची नक्कल करणारी क्लिप मुलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरली. त्याने दोनदा माझ्याकडे येऊन सांगायचा प्रयत्न केला होता. मी “लक्ष देऊ नकोस” म्हणून त्याला परत पाठवले. ती माझी चूक होती, आणि तसे मी त्याला त्याच्या घरी जाऊन सांगितले आहे.

दिवाळीनंतरच आणू, असे काहींचे मत होते. मला ते पटत नाही. सुट्टीआधी थोडेच दिवस शाळा आहे, म्हणून तर सुरुवात सोपी जाईल. थकला तर पुढे सुट्टी आहेच.

पहिला आठवडा. सोमवार ते शुक्रवार तो मधल्या सुट्टीपर्यंतच थांबेल. पोषण आहाराची खिचडी वर्गाबरोबर खायची की घरी जाऊन जेवायचे, हे तो रोज स्वतः ठरवेल. परिपाठाला तो रांगेत उभा राहील, पण वाचनाची पाळी त्याला द्यायची नाही. तो स्वतः मागेपर्यंत कुणीही सुचवू नये.

हजेरीचे मुद्दाम सविस्तर लिहिते. ओंकारला ‘हजर’मधला ‘ह’ सुटत नाही. आपला क्रमांक जवळ येऊ लागला की तो बेंचची कड घट्ट धरतो, हे मी जूनपासून पाहत होते आणि मला अर्थ लागला नव्हता. सोमवारपासून सातवी ब मध्ये सगळेच हात वर करून हजेरी देतील. एकट्यालाच सूट दिली तर पुन्हा सगळ्यांचे डोळे त्याच्यावरच जातील.

तो खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर, त्याने सांगितलेल्या मित्राशेजारी बसेल. टाळ्या वाजवून स्वागत करायचे नाही. “इतके दिवस कुठे होतास?” असे विचारू नये. तो बोलताना थांबला तर त्याचे वाक्य आपण पूर्ण करू नये. “सावकाश बोल” असेही म्हणू नये. नुसते थांबावे.

ते तिघे. त्यातला एक पालकांच्या संमतीने ‘अ’ तुकडीत गेला आहे. उरलेले दोघे पुढच्या बाकांवर, ओंकारपासून दूर बसतील. वर्गासमोर माफी आणि हातात हात, असे काही करायचे नाही. तसे केले तर माफ करण्याचे ओझेही ओंकारवरच पडते. तिघांनी लिहिलेली पत्रे माझ्या कपाटात आहेत. त्याला वाटेल तेव्हा तो मागून घेईल, नाही मागितली तरी चालेल. या मुलांशीही मी दर शुक्रवारी बोलणार आहे, तीही आपलीच मुले आहेत. क्लिप सगळ्यांनी फोनमधून काढल्याची खात्री पालकांनी दिली आहे.

अभ्यास. बुडालेले सगळे भरून काढायचे नाही. गणितात पूर्णांकांचा गुणाकार-भागाकार आणि परिमेय संख्या एवढे मात्र हवेच, नाहीतर पुढचे अडेल. त्यासाठी गणिताचे सर मंगळवारी आणि गुरुवारी अर्धा तास देतील. इतर विषयांच्या वह्यांची झेरॉक्स मी दिली आहे, जुने उतरवून काढायला लावू नये. पहिल्या सत्राची संकलित चाचणी तो दिवाळीनंतर देईल, तोंडी भाग फक्त विषयशिक्षकांसमोर.

काही बिनसले तर. वर्गात नको वाटले तर तो निळे कार्ड बाकावर ठेवेल आणि न विचारता ग्रंथालयात जाईल. एखाद्या दिवशी आला नाही तर आई दहाच्या आत मला मेसेज करतील, आपण जाब विचारायचा नाही. पुन्हा नक्कल किंवा चिडवणे दिसले तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना कळवावे आणि नोंदवहीत लिहावे, वर्गातच मिटवू नये. जगण्याचा कंटाळा आल्याचे तो बोलला तर त्याला एकटे सोडू नये. लगेच मला आणि आईला सांगावे. टेलि-मानसचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे क्रमांक शिक्षक कक्षात लावले आहेत.

शुक्रवार, १० तारखेला शाळा सुटल्यावर ओंकार, आईबाबा, मुख्याध्यापक आणि मी बसू. तो हो म्हणाला तरच सोमवार, १३ पासून पूर्ण वेळ.

हा कागद मी शनिवारी ओंकारला वाचायला दिला. त्याने एक ओळ खोडली: पहिल्या दिवशी मी त्याला फाटकाशी घ्यायला जाणार होते. बाजूला पेन्सिलीने लिहिले आहे, “मी मित्राबरोबर सायकलवर येईन.” तसेच होईल.

वर्गशिक्षिका, सातवी ब