पिण्याच्या पाण्याची तपासणी: दिल्लीच्या इंग्रजी परिपत्रकाचा मराठी सारांश

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचण्यासाठी
तयार करणार: ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, मोहोळ तालुका, जिल्हा सोलापूर

मंडळी, केंद्राच्या जलशक्ती मंत्रालयाचं 14 पानी इंग्रजी परिपत्रक ग्रामपंचायतीत आलं आहे. निम्मी पानं खात्याखात्यांतल्या पत्रव्यवहाराची आहेत, ती सोडली. गावाला जे करायचं आहे तेवढंच इथं मांडलं आहे. जिथं परिपत्रक एका ओळीत उरकतं आणि आपलं काम मात्र तिथंच अडतं, तिथं समितीने माहिती जोडली आहे, आणि ती जोडलेली आहे हेही सांगितलं आहे.

मुद्दा काय

जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं. त्यात घरटी नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी एवढंच नाही. ते पाणी भारतीय मानक 10500 प्रमाणे पिण्याजोगंही हवं. त्यासाठी परिपत्रकाने कामाची वाटणी केली आहे. इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत, ‘मॉनिटरिंग’ आणि ‘सर्व्हेलन्स’. मराठीत दोन्हींना देखरेखच म्हणतात आणि मग ‘देखरेख खातं करतंय’ म्हणून गाव हात झटकतं. पहिलं काम खात्याचं: प्रयोगशाळेत नमुने तपासणं. दुसरं गावाचं: आपल्या नळाचं, हापशाचं, विहिरीचं पाणी आपणच किटने तपासत राहणं.

प्रयोगशाळेत प्रत्येक उद्भवाची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जिवाणूंची दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. आपले उद्भव नऊ: सीनाकाठची पाणीपुरवठ्याची विहीर, एक बोअर आणि सात हापसे. शाळा आणि अंगणवाडीचा नळ वेगळा तपासायचा.

हिरवं, पिवळं, लाल कार्ड या परिपत्रकात नाही. ती आपल्या राज्याची पद्धत आहे आणि ती चालूच राहणार.

पाच महिला

किट चालवायला गावातल्या पाच महिलांना प्रशिक्षण द्यायचं. समितीची सूचना: दोन आशाताई, एक अंगणवाडीताई आणि बचत गटातल्या दोघी. त्यातली एक वस्तीवरची असावी, नाहीतर वस्तीचे दोन हापसे कागदावरच तपासले जातील. निकाल केंद्राच्या पोर्टलवर मोबाइलवरून भरायचा. किटमध्ये नमुना नापास झाला तर तो प्रयोगशाळेत पाठवून खात्री करायची; किट हा इशारा आहे, दाखला नव्हे.

किटमध्ये सामू, गढूळपणा, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह आणि शिल्लक क्लोरीन पाहता येतं. जिवाणूंसाठी छोटी बाटली वेगळी असते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवायचं. 24 ते 48 तासांत पाणी काळं झालं तर ते पिण्यालायक नाही. ती काळी बाटली उकिरड्यावर फेकायची नाही. आत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरीचं दाट पाणी ओतून, तासभर ठेवून मग पुरायची. किटमधल्या रसायनांवर मुदतीची तारीख असते. मुदत संपलेल्या रसायनाचा रंग खोटं सांगतो, आणि बहुतेक वेळा ‘सगळं ठीक’ असंच सांगतो.

दोन रकान्यांचा घोळ

परिपत्रकाच्या शेवटच्या तक्त्यावर थोडं थांबावं लागेल. त्यात प्रत्येक घटकापुढे दोन आकडे आहेत. पहिला ‘अ‍ॅक्सेप्टेबल’, दुसरा ‘परमिसिबल’. दुसऱ्याचा अर्थ ‘चालतं’ असा लावला जातो. तसं नाही. दुसऱ्या रकान्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं आहे: दुसरा स्रोत नसेल तरच. म्हणजे पहिला आकडा पाळायचा, आणि जवळपास दुसरं पाणी मिळतच नसेल तेव्हा नाइलाजाने दुसऱ्यापर्यंत जायचं.

फ्लोराइड लिटरला 1.0 मिलिग्रॅम, नाइलाजाने 1.5. एकूण क्षार 500, नाइलाजाने 2000. कठीणपणा 200, नाइलाजाने 600. नायट्रेट 45, आणि त्याच्यापुढे दुसरा आकडाच नाही. तिथं सवलत नाही असं लिहिलं आहे.

आता आपला मागचा अहवाल. वस्तीच्या हापशात फ्लोराइड 1.3 आलं होतं. अहवालावर ‘मर्यादेत’ असा शेरा पडला, तो दुसरा रकाना धरून. पण त्या वस्तीवर नळाचं पाणी पोचतं, म्हणजे दुसरा स्रोत आहे. मग 1.3 मर्यादेत नाही. त्या हापशाचं पाणी जनावरांना, धुण्याला वापरा. प्यायला, स्वयंपाकाला नळाचंच घ्या. लहान वयात वर्षानुवर्षं जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात, ते जात नाहीत. त्याहून जास्त असेल तर हाडं धरतात.

मारुती मंदिरामागच्या हापशात नायट्रेट 62. हा सरळ नापास. जवळच उकिरडा आणि गोठे आहेत, पलीकडे उसाला युरिया पडतो. नायट्रेट अशाच ठिकाणी मुरतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते घातक आहे, त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. वरचं दूध किंवा पावडर कालवायला ते पाणी कुणीही घेऊ नये. हापशाला लाल रंग दिला जाईल.

हे पाणी उकळून प्यायलं तर चालेल का, असं दोन-तीन बायकांनी विचारलं आहे. नाही. उकळल्याने जंतू मरतात. फ्लोराइड, नायट्रेट आणि क्षार जात नाहीत. पाणी आटतं तसे ते उलट दाट होतात. टीसीएलनेही ते जात नाहीत.

शिल्लक क्लोरीन

परिपत्रकात एकच ओळ आहे: नळाच्या टोकाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक असावा. टाकीपाशी नाही, टोकाला. आपलं टोक म्हणजे दोन किलोमीटरवरच्या वस्तीचा शेवटचा नळ. तिथं क्लोरीनच्या तपासणीत पिवळा रंग आला तर क्लोरीन गावात सगळीकडे आहे असं धरता येतं. टाकीखालच्या नळावर आला तर त्यावरून काहीच कळत नाही. पुढचा भाग समितीने जोडला आहे.

ताज्या, 33 टक्क्यांच्या टीसीएल पावडरीचं सुरुवातीचं माप 1000 लिटरला 2.5 ग्रॅम. आपली टाकी 50,000 लिटरची, म्हणजे 125 ग्रॅम. पावडर जुनी होऊन 20 टक्क्यांवर आली असेल तर तेवढ्याच पाण्याला सुमारे 206 ग्रॅम लागते. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर वापरूच नये. ऊन, दमट हवा आणि उघडं तोंड या तीन गोष्टींनी क्लोरीन उडतो. म्हणून पोतं पत्र्याच्या शेडखाली नको. प्लास्टिकचा झाकणाचा डबा, अंधारी कोरडी खोली. लोखंडी डबा गंजतो.

विहिरीला टाकायची तर आधी पाणी मोजायचं. व्यासाला व्यासाने गुणा, मग पाण्याच्या खोलीने, मग 3.14 ने, आणि चारने भागा, सगळं मीटरमध्ये. येईल त्याला 1000 ने गुणलं की लिटर. आपल्या विहिरीचा व्यास 6 मीटर, आज पाणी 4 मीटर. उत्तर 113 घनमीटर, म्हणजे 1,13,000 लिटर. पावडर 283 ग्रॅम. उन्हाळ्यात पाणी दीड मीटरवर येतं तेव्हा हेच माप 106 ग्रॅम होतं. बारा महिने एकच डबा ओतण्यात अर्थ नाही.

एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घ्यायची नाही. आधी थोड्या पाण्यात लगदा करा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा, पाच-दहा मिनिटं निवळू द्या. वरची निवळ तेवढी टाकीत किंवा विहिरीत जाईल. खाली बसलेला चुना लांब टाकायचा. तो विहिरीत गेला की पाण्याचा कठीणपणा वाढतो, आणि आपलं पाणी आधीच असं आहे की पातेल्याला पांढरा थर धरतो.

पावडर टाकल्यावर किमान अर्धा तास पाणी तसंच राहिलं पाहिजे. आपल्याकडे मोटर लाइट येईल तेव्हा चालते, टाकी पहाटे भरते आणि वाल्व्ह लगेच उघडला जातो. अर्धा तास मिळतच नाही. यापुढे वाल्व्ह अर्धा तास उशिरा उघडेल. नळ सहाऐवजी साडेसहाला येईल. तक्रार करण्याआधी कारण ध्यानात घ्यावं.

शिल्लक क्लोरीनची तपासणी ऑर्थोटोलिडिन म्हणजे ओटी द्रावणाने. नळीत 10 मिलि पाणी, त्यात 1 मिलि द्रावण, आणि रंग पहिल्या 10 सेकंदांत पाहायचा. तेव्हा पिवळा आला तर मोकळा क्लोरीन आहे. नळी ठेवून चहा पिऊन आल्यावर पिवळी दिसली तर तो मोकळा नव्हे, बांधला गेलेला क्लोरीन असतो. त्याच्यावर विसंबायचं नाही. रंग आला नाही तर जलसुरक्षकाने माप वाढवायचं, पावसाळ्यात गढूळ पाण्याला हमखास वाढवावं लागतं.

टँकर आला तर त्यालाही हेच: 10,000 लिटरला 25 ग्रॅम, भरताना. फिल्टरच्या जारमध्ये क्लोरीन नसतो, त्यामुळे जार आणि घरातली कळशी घाण असेल तर ते पाणी नळापेक्षा लवकर बिघडतं. त्या पाण्याचीही काळ्या बाटलीची तपासणी होईल.

नमुना असा घ्या

रासायनिक नमुन्याचा कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून मग भरायचा. जिवाणूंच्या नमुन्याची बाटली मात्र अजिबात विसळायची नाही. ती निर्जंतुक असते, आणि आतली चिमूटभर पूड क्लोरीनचा परिणाम थांबवण्यासाठी असते. ती धुऊन टाकली की बाटलीतल्या बाटलीत जंतू मरतात आणि अहवाल खोटा चांगला येतो. नळ दोन मिनिटं सोडून, हात धुऊन, झाकणाच्या आत बोट न लावता भरायची. बर्फाच्या डब्यातून 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचली पाहिजे. म्हणून शनिवारी नमुना घ्यायचा नाही; रविवारी तिथं कुलूप असतं.

ग्रामसभेपुढे ठेवायचे ठराव

पहिला: वरीलप्रमाणे पाच महिलांची निवड करावी. दुसरा: मारुती मंदिरामागचा हापसा पिण्यासाठी बंद करावा, त्यावर ठळक फलक लावावा आणि शेजारचा उकिरडा 15 दिवसांत हलवावा. तिसरा: टीसीएल खरेदी एकदम वर्षाची न करता तीन-तीन महिन्यांची करावी आणि प्रत्येक खेपेचा नमुना तपासून घ्यावा. चौथा: वस्तीच्या शेवटच्या नळाची ओटी तपासणी रोज करून निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहावा.

मूळ इंग्रजी प्रत ग्रामपंचायत कार्यालयात आहे, कुणालाही पाहता येईल. पावसाळ्यानंतरचे नऊ नमुने येत्या मंगळवारी सकाळी सातला विहिरीपासून घ्यायला सुरुवात होईल.