विषय : 3 जूनच्या बिलातील सात रोलमध्ये कापड कमी भरल्याबाबत

शहापूर, बेळगाव
9 जून 2025

आदरणीय शेठ,
इचलकरंजी

स.न.वि.वि.

गणवेशाच्या शर्टिंगचे 24 रोल गुरुवारी, 5 तारखेला मिळाले. रंग आणि पोत सॅम्पलप्रमाणेच आहे, त्याबद्दल काही म्हणणे नाही. मीटरबद्दल मात्र आहे.

बिलात 100 मीटरचा एक असे 24 रोल, म्हणजे 2,400 मीटर लावले आहेत. माल उतरवताना हमालाने दोन रोल खांद्यावर घेतले आणि 'मालक, यातला एक हलका लागतोय' म्हणाला. आधी हसण्यावारी नेले. मग वाटले, काटा समोरच आहे, जोखून बघायला काय जाते? सगळे रोल एकेक करून काट्यावर चढवले. 17 रोल 18.6 किलोच्या आसपास भरले. 11 ते 17 नंबरचे सात रोल मात्र अनुक्रमे 17.5, 17.3, 17.6, 17.4, 17.2, 17.5 आणि 17.3 किलो भरले. सातांचे मिळून 121.8 किलो. भरायला हवे होते 130.2. म्हणजे 8.4 किलो कमी.

आता तुम्ही म्हणाल, वजनावरून मीटर कसे ठरवता, कापडच पातळ निघाले असेल. मलाही आधी तीच शंका आली. म्हणून तीन रोल उघडून कटिंग टेबलावर मीटरपट्टीने मोजले. पूर्ण वजनाचा 4 नंबर 100 मीटर 20 सेंटिमीटर भरला. 15 नंबर 92 मीटर 10 सेंटिमीटर आणि 11 नंबर 93 मीटर 60 सेंटिमीटर. मोजून झाल्यावर तिन्हींतून पूर्ण पन्ह्याचा एकेक मीटर कापला आणि शेजारच्या सराफाच्या काट्यावर ठेवला : 177, 177 आणि 176 ग्रॅम. 58 इंची पन्हा आणि 120 जीएसएम धरले तर मीटरला 177 ग्रॅमच येतात. तेव्हा कापड ठरल्याप्रमाणेच आहे, लांबी कमी आहे. पुठ्ठ्याच्या नळीचाही प्रश्न नाही. तिन्ही नळ्या रिकाम्या करून जोखल्या, प्रत्येकी 800 ग्रॅमच्याच आहेत. 8.4 किलोला 177 ग्रॅमने भागले की 47 मीटर येतात. वरचे अर्धे मीटर मी सोडून दिले आहे.

आपल्या ऑफिसमधून फोनवर दोन गोष्टी ऐकवल्या गेल्या. एक, पावसाळी हवेने वजनात फरक पडतो. पडतो, पण दमट हवेत कापड जड होते, हलके नाही. आणि हवा सात रोलांना वेगळी आणि सतरांना वेगळी नसते. दुसरी, वाटेत माल निघाला असेल. पॅकिंग शाबूत होते, उतरवतानाचे फोटो आहेत. शिवाय ट्रान्सपोर्टवाल्याने इचलकरंजीत माल भरतानाच बिल्टीवर 438 किलो लिहिले आहे, आणि आमच्या काट्यावर 24 रोलांची बेरीज तेवढीच येते. म्हणजे माल तिथून निघाला तेव्हाच कमी होता. आमच्या काट्यावर वजनमापे खात्याचा यंदाचा शिक्का आहे.

यात कुणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. 11 ते 17 हे सलग नंबर आहेत, आणि सगळ्यांच्या चिठ्ठीवर 100.00 छापले आहे. रोलिंग मशीनचा काउंटर त्या वेळी घसरला असावा, असा माझा अंदाज आहे. तो तपासून घ्या, नाहीतर त्याच पाळीचे रोल आणखी कुणाकडे गेले असतील तर तिकडूनही असेच पत्र येईल.

47 मीटरचे 92 रुपयांप्रमाणे 4,324 रुपये आणि 5 टक्के आयजीएसटीचे 216.20, मिळून 4,540.20 रुपये होतात. याची क्रेडिट नोट पाठवावी. बदली कापड नको. दुसऱ्या लॉटचा रंग किंचित जरी वेगळा आला तरी एकाच वर्गात दोन तऱ्हेचे शर्ट दिसतील, आणि शाळेचे मुख्याध्यापक ते मला ऐकवतील, तुम्हाला नाही. तीस-पस्तीस शर्टांची तूट मी शिल्लक मालातून कशीबशी भागवतो आहे.

बिल 2,31,840 रुपयांचे आहे. वादाची रक्कम वगळून 2,27,299.80 रुपये ठरल्याप्रमाणे 18 तारखेला आपल्या खात्यावर जमा करतो, त्यात एक दिवसाचाही उशीर होणार नाही. कमी वजनाचे उरलेले पाच रोल चिठ्ठीसकट तसेच बांधून ठेवले आहेत. 14 तारखेपर्यंत आपला माणूस पाठवा, त्याच्यासमोर पुन्हा जोखू आणि मोजू. हवे तर त्याने आपला काटा बरोबर आणावा. शाळा सुरू झाल्या आहेत, त्यामुळे त्यानंतर मला ते कटिंगला घ्यावेच लागतील.

सोबत वजनाचा तक्ता, बिल्टीची झेरॉक्स, फोटो आणि कापलेले तीन तुकडे जोडले आहेत.

आपला,
बाळासाहेब