शहरात जात उरलेली नाही? प्रस्तावाच्या विरोधातील भाषण

अध्यक्ष महोदया, सन्माननीय परीक्षक, प्रस्तावाच्या बाजूने बोललेले माझे प्रतिस्पर्धी आणि श्रोतेहो,

‘शहरी जीवनात जातीला आता महत्त्व उरलेले नाही’ या प्रस्तावाला विरोध करण्यासाठी मी उभी आहे. माझ्या आधीच्या दोन्ही वक्त्यांनी लोकलच्या डब्याचे, हॉटेलातल्या टेबलाचे आणि मॉलच्या सरकत्या जिन्याचे दाखले दिले. ते खरे आहेत आणि मी ते खोडून काढणार नाही. विरार लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकताना शेजारच्याची जात कोणी विचारत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या गावात जे सहज शक्य नव्हते ते येथे रोज घडते, हे मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही. परंतु या सर्व ठिकाणी दोन माणसांचा संबंध किती वेळाचा असतो, हे त्यांनी सांगितले नाही. स्टेशन आले की तो संपतो, बिल भरले की तो संपतो. शहराने जात पुसली ती अशा तात्पुरत्या संबंधांमधून. जेथे संबंध टिकणार असतो, म्हणजे घर भाड्याने देताना, स्वयंपाकघरात माणूस ठेवताना, नोकरीला घेताना आणि सोयरीक जुळवताना, तेथे जातीचा प्रश्न आजही पहिल्या दोन-तीन प्रश्नांत येतो. फक्त तो सरळ विचारला जात नाही.

तो कसा विचारला जातो, हे पुण्यात खोली शोधलेल्या कोणालाही ठाऊक आहे. गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या दोन मैत्रिणी एकाच जाहिरातीवरून एका घरमालकीणबाईंना भेटायला गेल्या. एकीचे आडनाव ऐकताच चहा आला. दुसरीला आधी पूर्ण नाव विचारले गेले, मग मूळ गाव, मग ‘तुमचं कुलदैवत कोणतं गं?’ आणि तिच्या उत्तरानंतर बाईंना अचानक आठवले की खोली पुतण्यासाठी ठेवायची आहे. ती जाहिरात पुढे पंधरवडाभर तशीच झळकत होती. ‘जात कोणती’ हे शब्द त्या संभाषणात एकदाही आले नाहीत, आणि म्हणूनच उद्या कोणी सर्वेक्षणाला आले तर त्या बाई अगदी प्रामाणिकपणे सांगतील की आम्ही जातपात मानत नाही.

एका मैत्रिणीच्या अनुभवावर प्रस्ताव फेटाळावा, असे मी म्हणणार नाही. ज्येष्ठ अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि परिसरात हीच गोष्ट पद्धतशीरपणे तपासली आणि तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. भाड्याने घर हवे म्हणून घरमालकांशी संपर्क साधणाऱ्यांमध्ये सवर्ण, दलित आणि मुस्लिम अशी नावे होती. दलित नाव सांगणाऱ्यांपैकी सुमारे १८ टक्क्यांना थेट नकार मिळाला आणि आणखी काहींना इतरांना न घातलेल्या अटी घातल्या गेल्या. मुस्लिम नावांना मिळालेला थेट नकार तर ३१ टक्क्यांच्या आसपास होता. हा अभ्यास देशाच्या राजधानीतला आहे, एखाद्या आडगावातला नाही.

यावर विरुद्ध बाजूचे ठरलेले उत्तर मला माहीत आहे. ‘हा पैशाचा प्रश्न आहे, जातीचा नाही. शहरात माणसे उत्पन्नानुसार वाटली जातात.’ हे ऐकायला पटण्यासारखे आहे. परंतु २००१ च्या जनगणनेतील वॉर्डनिहाय आकडे घेऊन देशातील सात सर्वांत मोठ्या महानगरांचा अभ्यास झाला, तेव्हा लोकांची वस्ती आर्थिक स्थितीपेक्षा जातीनुसार अधिक विभागलेली आढळली. म्हणजे पैसा आल्यावर माणूस मोठ्या घरात जातो, पण कोणत्या भागात जातो हे केवळ पैसा ठरवत नाही. आपली शहरे वसली तीच मुळी अशी. मुंबईत गावदेवीला १९१५ साली सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन केली. देशातल्या अशा पहिल्यावहिल्या संस्थांपैकी ती एक. नव्या शहरात आलेल्या माणसांनी आपल्या लोकांचा आधार शोधला, यात त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्यांच्याकडे भागभांडवल होते, ओळखी होत्या, त्यांच्या ‘आपल्या लोकां’ना इमारत मिळाली आणि ज्यांच्याकडे ते नव्हते त्यांच्या ‘आपल्या लोकां’ना गटाराकाठची झोपडपट्टी मिळाली, हा फरक नंतरच्या तीन पिढ्यांच्या पत्त्यांवर उमटला आहे.

आता कारखान्याकडे येऊ, कारण यंत्र जात ओळखत नाही, असा दावा पहिल्या वक्त्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने केला. गिरणगावातल्या कापडगिरण्या हे आपल्या राज्यातले सर्वांत आधुनिक यंत्रयुग होते. त्या गिरण्यांत दलित कामगारांना सूत काढण्याच्या कमी पगाराच्या खात्यात काम मिळे, पण चांगला पगार असलेल्या विणकाम खात्याचे दार त्यांना बंद होते. कारण असे की धोट्यातली, म्हणजे मागावर आडवे सूत नेणाऱ्या साधनातली, कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि दलिताने तोंड लावलेल्या धोट्याला इतर कामगार तोंड लावायला तयार नव्हते. यंत्र इंग्लंडहून आले होते, विटाळ इथलाच होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडावा लागला, आणि ते पुढारी समतेच्या नावाने लढणारे होते, हे विशेष.

बाबासाहेबांचे नाव निघाले आहे, तर दुसऱ्या वक्त्यांनी त्यांचा जो आधार घेतला त्याचेही उत्तर देते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर म्हटले, हे खरे आहे. पण त्यावरून शहर जातमुक्त आहे असे त्यांनी म्हटले, हा निष्कर्ष आपल्या पदरचा आहे. परदेशी विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस १९१७ साली बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाला, तेव्हा त्या राजधानीच्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले, लोकांना कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले आणि कामाठी बागेत बसून त्यांनी परतीच्या गाडीची वाट पाहिली. नाव बदलावे लागणे, आणि खरे नाव कळताच घर जाणे, हे शंभर वर्षांपूर्वीच्या शहरातले प्रकरण माझ्या मैत्रिणीच्या प्रकरणापासून किती दूर आहे, ते परीक्षकांनी ठरवावे.

स्वयंपाकघराबद्दल मी थोडक्यात बोलेन, कारण आपल्या शहराला ते फार अवघड जाते. सप्टेंबर २०१७ मध्ये पुण्यातल्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञ महिलेने आपल्याकडे सोवळ्याचा स्वयंपाक करणाऱ्या बाईविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. गुन्हा कोणता, तर तिने आपली जात लपवली. ती तक्रार पुढे मागे घेतली गेली, निषेधही झाले. पण विज्ञानाच्या सर्वोच्च पदव्या आणि जातीची चौकशी एकाच घरात सुखाने नांदू शकतात, एवढे त्यातून दिसले. हा अपवाद म्हणावा, तर २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात शहरी भागातल्या साधारण पाचांपैकी एका कुटुंबाने आपण अस्पृश्यता पाळतो, किंवा दलित व्यक्ती स्वयंपाकघरात आलेली आपल्याला चालणार नाही, असे स्वतःच्या तोंडाने सांगितले. ज्यांनी सांगितले नाही त्यांचा हिशेब यात नाही.

त्याच सर्वेक्षणानुसार देशातील आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते, आणि शहर व खेडे यांत फारसा फरक नव्हता. शिक्षण वाढले, मुलींच्या नोकऱ्या वाढल्या, वधू-वर सूचक मंडळांच्या वह्या जाऊन मोबाइलवर स्थळे आली. त्या पडद्यावरही पोटजातीचा रकाना अगदी वर आहे. आपल्या मराठी जाहिरातींतले उदार वाक्य तर सर्वांनी वाचलेले असेल: ‘जातीची अट नाही, एससी-एसटी क्षमस्व.’ अट नसल्याचे जाहीर करून तिच्याच शेजारी अट लिहिण्याची ही कला बहुधा आपल्यालाच साधली आहे.

आता त्या मुद्द्याकडे येते, ज्यावर टाळ्या मिळाल्या. आरक्षण आहे म्हणून जात आहे, नाहीतर शहर तिला केव्हाच विसरले असते, असे म्हटले गेले. मग जेथे आरक्षण नाही तेथे पाहू या. खाजगी कंपन्यांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींना उत्तर म्हणून थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अटवेल यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, पुढच्या टप्प्यासाठी बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांशच होती. तेथे कोटा नव्हता, राखीव जागा नव्हती, गुणांची सवलत नव्हती. केवळ आडनाव होते. आणि गिरणीतल्या त्या धोट्याच्या वेळी तर राज्यघटनाही नव्हती.

शेवटचा मुद्दा जमिनीखालचा आहे. भुयारी गटारे ही मुख्यतः शहरी गोष्ट आहे. गावात ड्रेनेजचे मॅनहोल क्वचितच सापडेल. माणसाला त्यात उतरवण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, आणि मृत्यू झाल्यास द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाखांवर नेली. केंद्र सरकारच्या ‘नमस्ते’ योजनेत गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्यांची नोंदणी सुरू झाली, तेव्हा २०२४ पर्यंत नोंदल्या गेलेल्या सुमारे ३८,००० कामगारांपैकी जवळपास ६९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले. शहरात जात उरली नसती आणि हे काम केवळ गरिबीमुळे केले जात असते, तर प्रत्येक जातीतले गरीब त्या मॅनहोलमध्ये दिसले असते, कारण गरिबी सर्व जातींत आहे. आपल्या महापालिकांत लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. कुटुंब उघड्यावर पडू नये म्हणून मिळवलेले हे संरक्षण आहे आणि ते काढून घ्यावे असे मी मुळीच म्हणत नाही. पण ज्या कामासाठी मुलाला बापाचा झाडू वारसाहक्काने मिळतो, त्या कामाची भरती नेमकी कोण करत आहे?

अध्यक्ष महोदया, माझी वेळ संपत आली आहे. समारोपाच्या फेरीत माझे प्रतिस्पर्धी पुन्हा लोकलच्या डब्याकडे वळतील, अशी माझी अटकळ आहे. माझी त्यांना विनंती आहे की त्यांनी डब्यातून उतरून घरापर्यंत यावे, आणि आपल्या सोसायटीतल्या भाडेकरूंची नावे, आपल्या घरातल्या लग्नपत्रिकांवरची आडनावे आणि आपल्या गल्लीतले मॅनहोल उघडणाऱ्या माणसाची जात, या तीन गोष्टींचे स्पष्टीकरण जातीचा उल्लेख न करता या सभागृहाला द्यावे.

धन्यवाद.