पॅरासिटामॉल ओरल सस्पेन्शन (१२० मिग्रॅ / ५ मिली): पत्रकाचा पूर्ण मजकूर, चार फोटोंवरून उतरवलेला

वहिनी, औषधाच्या खोक्यातल्या पत्रकाचे तुम्ही पाठवलेले चारही फोटो मोठे करून वाचले आणि सगळा मजकूर खाली टाइप केला आहे. वाक्यं पत्रकातलीच आहेत. मथळे आणि पाचव्या भागातला पहिला परिच्छेद ठळक केला, आणि घडीमुळे एकाच सूचनेचे दोन तुकडे झाले होते ते जोडले, एवढंच. काहीही गाळलेलं नाही. माझं म्हणणं फक्त चौकटी कंसात आहे. जिथे वाचता आलं नाही तिथे अंदाजाने शब्द भरला नाही, तसं स्पष्ट लिहिलं आहे.

आधी बाटलीवरचं लेबल बघा. त्यावर "५ मिलीमध्ये १२० मिग्रॅ" असेल तरच खालचा तक्ता लागू होतो. दादूसाठी आणलेली बाटली ५ मिलीमध्ये २५० मिग्रॅची आहे, म्हणजे दुपटीहून जास्त तीव्र. चौदा महिन्यांच्या चिऊचे ५ मिली त्या बाटलीतून चुकूनही मोजू नका.

## १. औषधात काय आहे

प्रत्येक ५ मिलीमध्ये पॅरासिटामॉल १२० मिग्रॅ. इतर घटक: सॉर्बिटॉल, ग्लिसरॉल, झँथन गम, मिथाइल हायड्रॉक्सिबेन्झोएट, सायट्रिक ॲसिड, स्वाद, शुद्ध पाणी.

ताप आणि सौम्य ते मध्यम वेदना कमी करण्यासाठी: दात येताना, डोकेदुखी, घसादुखी, सर्दी-फ्लू, लसीकरणानंतरचा ताप.

## २. हे औषध देऊ नका

- बाळाला पॅरासिटामॉलची किंवा वरीलपैकी कोणत्याही घटकाची ॲलर्जी असल्यास.
- बाळ पॅरासिटामॉल असलेलं दुसरं कोणतंही औषध घेत असल्यास.
- बाळ २ महिन्यांपेक्षा लहान असल्यास.

[दुसरी सूचना पत्रकात चौकटीत, जाड अक्षरांत आहे. सर्दीच्या बऱ्याच औषधांत पॅरासिटामॉल असतं, म्हणून घरातल्या प्रत्येक बाटलीचे घटक वाचा.]

## ३. देण्याआधी डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारा

- यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास.
- बाळाचं वजन खूप कमी असल्यास, ते कुपोषित असल्यास किंवा त्याच्या शरीरातलं पाणी कमी झालं असल्यास.
- काही प्रकारच्या साखरा पचत नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं असल्यास (यात सॉर्बिटॉल आहे).
- गंभीर संसर्ग असल्यास. श्वास जोरात व जलद चालणं, मळमळ, उलट्या अशी लक्षणं एकत्र दिसल्यास ताबडतोब डॉक्टरांकडे जा.

बाळाला पुढीलपैकी काही चालू असल्यास सांगा: रक्त पातळ करणारी औषधं (उदा. वॉरफरिन), फिट्सची औषधं (फेनोबार्बिटल, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन), मेटोक्लोप्रामाइड, डॉम्पेरिडोन, कोलेस्टिरामिन, फ्लुक्लॉक्सासिलिन, [एक नाव घडीवर आलं आहे, वाचता येत नाही].

## ४. मात्रा

बाटली किमान १० सेकंद नीट हलवा. सोबतच्या मापाच्या चमच्यानेच किंवा सिरिंजनेच मोजा.

२ महिन्यांचं बाळ

| कारण | एक मात्रा | किती वेळा |
|---|---|---|
| लसीकरणानंतर ताप | २.५ मिली | गरज पडल्यास ४ ते ६ तासांनी आणखी एकदा |
| इतर कारणाने ताप किंवा वेदना (बाळाचं वजन ४ किलोपेक्षा जास्त असेल आणि जन्म ३७ आठवड्यांनंतर झाला असेल तरच) | २.५ मिली | गरज पडल्यास ४ ते ६ तासांनी आणखी एकदा |

डॉक्टरांना विचारल्याशिवाय २ पेक्षा जास्त मात्रा देऊ नका. दुसऱ्या मात्रेनंतरही ताप राहिल्यास डॉक्टरांना दाखवा.

३ महिने ते ६ वर्षं

| वय | एक मात्रा | २४ तासांत जास्तीत जास्त |
|---|---|---|
| ३ ते ६ महिने | २.५ मिली | ४ वेळा |
| ६ ते २४ महिने | ५ मिली | ४ वेळा |
| २ ते ४ वर्षं | ७.५ मिली | ४ वेळा |
| ४ ते ६ वर्षं | १० मिली | ४ वेळा |

[पहिल्या ओळीचा दशांश बिंदू नेमका घडीत गेला आहे. फोटो २ मध्ये आकडा "२५" दिसतो. तुम्ही तिरका धरून काढलेल्या फोटो ४ मध्ये बिंदू स्वच्छ दिसतो. हिशेबही जुळतो: २.५ मिलीत ६० मिग्रॅ येतं, २५ मिलीत ६०० मिग्रॅ झालं असतं, तीन महिन्यांच्या बाळाला दहापट. चिऊ चौदा महिन्यांची, म्हणून तिची ओळ दुसरी. ती चारही फोटोंत स्पष्ट आहे.]

- दोन मात्रांमध्ये किमान ४ तासांचं अंतर ठेवा.
- २४ तासांत ४ पेक्षा जास्त मात्रा देऊ नका.
- डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ३ दिवसांपेक्षा जास्त देऊ नका.

[पत्रकात "दिवसातून" नाही, "२४ तासांत" असंच आहे, म्हणून तसंच ठेवलं. रात्री अकराला दिलेली मात्रा तारीख बदलली तरी मोजायचीच. तुम्ही आणि भाऊ आळीपाळीने जागता, तेव्हा वेळ कागदावर लिहून बाटलीलाच अडकवा.]

## ५. जास्त दिलं गेल्यास

**बाळ अगदी बरं दिसत असलं तरीही ताबडतोब डॉक्टरांकडे न्या.** **पॅरासिटामॉल जास्त झाल्यास यकृताला उशिराने दिसून येणारी गंभीर इजा होऊ शकते.** **बाटली आणि हे पत्रक सोबत न्या.**

[हा परिच्छेद पत्रकाच्या अगदी तळाशी, सगळ्यात बारीक अक्षरांत आहे. जाड ठसा मी दिलेला आहे, मूळचा नाही. इथे तरी तो हवाच असं मला वाटलं.]

मात्रा द्यायची राहिली तर आठवल्यावर गरज असल्यास द्या. दोन मात्रा एकत्र देऊ नका.

## ६. दुष्परिणाम

औषध थांबवा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा:

- चेहरा, ओठ, जीभ किंवा घसा सुजणं, श्वास घ्यायला त्रास, अंगावर पुरळ किंवा खाज.
- त्वचेवर फोड येणं, त्वचा सोलणं, तोंडात व्रण (अत्यंत दुर्मिळ, पण गंभीर).
- कारण नसताना काळे-निळे डाग पडणं किंवा रक्तस्राव, वारंवार संसर्ग होणं.
- त्वचा किंवा डोळे पिवळे होणं.

सॉर्बिटॉलमुळे शौच थोडी पातळ होऊ शकते. मिथाइल हायड्रॉक्सिबेन्झोएटमुळे ॲलर्जी होऊ शकते, कधी कधी ती उशिरा दिसते.

## ७. साठवण

मुलांच्या हाताला लागणार नाही आणि दिसणार नाही अशा जागी ठेवा. २५ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानात ठेवा, गोठवू नका. बाटली उघडल्यापासून [आकडा वाचता येत नाही, "३" किंवा "८" असावा] महिन्यांत वापरा. लेबलवरची मुदत संपल्यावर वापरू नका.

[पत्रकावर मुदतीची तारीख छापलेली नाही, ती बाटलीवरच बघा.]

वहिनी, दोन जागा राहिल्या: तिसऱ्या भागातलं औषधाचं नाव आणि सातव्या भागातला महिन्यांचा आकडा. पत्रक खिडकीजवळ सपाट पसरून, फ्लॅश बंद ठेवून, त्या दोन ओळींचेच जवळून फोटो पाठवा. आले की लगेच भरून देते. चिऊला इतर कुठलंच औषध चालू नाही, त्यामुळे ते नाव आज रात्री अडणार नाही. बाटली मात्र आजच उघडली असेल तर तारीख लेबलवर आत्ताच लिहून ठेवा.