रानडे रस्त्यावरील खचलेला चर दुरुस्त करण्याबाबत

प्रति,
मा. सहाय्यक आयुक्त,
जी/उत्तर विभाग, दादर

महोदय,

रानडे रस्ता आणि न. चिं. केळकर मार्ग यांच्या नाक्यापासून शिवाजी पार्ककडे जाताना डाव्या हाताला सुमारे ४० मीटर रस्ता खचला आहे. चर खणून वर नुसती खडी टाकली गेली. पहिल्याच पावसात ती वाहून गेली. मॅनहोलचे झाकण आता वीतभर वर आले आहे. पाणी साचले की ते दिसत नाही, आणि दुचाकीस्वार तिथेच आपटतात. काल एका आजींचा हात मोडला.

तिथे आजच बॅरिकेड लावावेत. पेव्हर ब्लॉकची मलमपट्टी नको. चर नीट दाबून मास्टिकने भरावा, झाकण रस्त्याच्या पातळीत आणावे. काम कधी होईल ते लेखी कळवावे, ही कळकळीची विनंती.

आपले नम्र,
परिसरातील रहिवासी
(सह्यांची यादी सोबत)