सचिवपदाचा कार्यभार आणि दप्तर सुपूर्द करण्याबाबत

दि. 6 ऑक्टोबर 2025

प्रति,
नवनियुक्त सचिव, सदनिका क्र. 302

सप्रेम नमस्कार ताई,

या पत्रासोबत संस्थेचं दप्तर आपल्या ताब्यात देत आहे. यादीच्या दोन प्रती केल्या आहेत. एकेक बाब ताडून दोन्हींवर सही करा आणि एक प्रत मला परत द्या.

इतिवृत्तांच्या वह्या दोन. समितीची पान 146 पर्यंत लिहिली आहे, सर्वसाधारण सभेची 58 पर्यंत. अर्धवट पान कधीही कोरं सोडू नका, तिरकी रेघ मारून अध्यक्षांची सही घ्या. मागाहून ठराव घुसवल्याची शंका तिथेच निघते. खाडाखोड झाली तर पांढरी शाई नको. एक रेघ, शेजारी दुरुस्ती आणि सही.

14 सप्टेंबरच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त अजून वहीत उतरवलेलं नाही. मसुदा पेनड्राइव्हमध्ये आहे, तो आधी समितीपुढे ठेवा. त्यातला ठराव क्र. 7, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा, नीट वाचा. मंजूर झालेली 4,60,000 रुपयांची रक्कम जीएसटी धरून आहे की सोडून, हे मसुद्यात आलेलं नाही. निविदेची मूळ प्रत हिरव्या फायलीत आहे. तीवर ‘जीएसटी वेगळा’ असं लिहिलं आहे. ठरावात तसं स्पष्ट आल्याशिवाय कंत्राटदाराला कार्यादेश देऊ नका, नाहीतर बिलाच्या वेळी वाद होईल.

सदनिका 105 ची थकबाकी: दोन नोटिसा रजिस्टर्ड पोस्टाने गेल्या आहेत, पोचपावत्या स्थळप्रतींना चिकटवल्या आहेत. तिसरी सहीविना थांबवली आहे, कारण तिच्या तक्त्यात व्याजावर व्याज लागलं आहे. आकारणी सरळव्याजाने हवी. खजिनदारांकडून खातेउतारा घेऊन आकडे बदला. पुढे कलम 154ब-29 खाली वसुली दाखल्यासाठी निबंधकांकडे जायची वेळ आली, तर हाच तक्ता जोडावा लागेल.

सदनिका 503 चा नामनिर्देशनाचा अर्ज आला आहे, पण तो समितीच्या सभेत ठेवलेला नाही, म्हणून नोंदवहीतही चढलेला नाही. येत्या सभेच्या विषयपत्रिकेत तो सगळ्यात आधी घ्या. अर्जदार आजोबांचं वय 81 आहे, एवढं एक काम कृपया लांबवू नका.

भाग प्रमाणपत्रं 36 पैकी 34 वाटली. उरलेली दोन, 201 आणि 404 ची, कपाटाच्या वरच्या खणात आहेत. स्थळप्रतीवर सही घेतल्यावरच द्या. ‘आय’ आणि ‘जे’ नोंदवह्या त्याच खणात आहेत. मुदतठेवींच्या मूळ पावत्या खजिनदारांकडे, झेरॉक्स निळ्या फायलीत.

वार्षिक सभेच्या नोटिशीचे 14 दिवस मोजताना नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही वगळा.

संस्थेच्या ईमेलचा पासवर्ड आपल्यासमोर बदलून देतो. रविवारी सकाळी 10 वाजता कार्यालयात येतो. कपाटाच्या दोन्ही किल्ल्या आणि गोल शिक्का तेव्हाच हातात देईन.

आपला,
मावळता सचिव
सदनिका क्र. 204

प्रत: अध्यक्ष व खजिनदार