रेझ्युमेचा फोटो बघितला, लेआउटबद्दल सांगतो

भावा, फोटोत मोबाईलची सावली पडलीय आणि खालची ओळ कापलीय, तरी बाकीचं वाचता आलं. एका पानात बसवलंस हे लय भारी केलंस. पण वर 'बायोडाटा' एवढं ठळक आणि तुझं नाव बारीक, हे उलटं कर, नावाखाली एकाच ओळीत मोबाईल, ईमेल, कोल्हापूर. मार्कांच्या टेबलानं अर्धं पान खाल्लंय आणि फाउंड्रीतला प्रोजेक्ट, जो शिरोली एमआयडीसीतली माणसं आधी बघणार, तो तळाला ८ च्या फॉन्टात कोंबलायस, एवढं चांगलं काम दिसतच नाही रे. टेबल काढ, शिक्षण तीन ओळीत लिही, प्रोजेक्ट वर घे. डबल बॉर्डर पण काढ, जागा मिळंल. तारखा उजवीकडं एका रेषेत घे. आणि कंपनीला फोटो नको, पीडीएफच पाठव.